पहिल्यासारखा ट्रक

मला विचारायची फार सवय. आईनं पाणी आण म्हटलं, की मी विचारायचो, कुठल्या विहिरीचं, प्यायचं की सांडायचं, आत्ता की जेवण झाल्यावर. ती म्हणायची, "राहू दे बाप्पा, मीच जाऊन येते." सातवीनंतर माझी शाळा सुटली ती काही गुरुजी माझ्या विचारण्याला कंटाळले म्हणून नव्हे, घरी धान रोवायला हात कमी पडत होते म्हणून. पण गुरुजींनी फारसा आग्रह केला नाही, हेही खरं.

भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या गावाहून नाशिकला मी तांदळाच्या ट्रकवर बसून आलो. ट्रकला रंगकाम करायचं होतं, म्हणून तो आग्रा रोडवर द्वारका चौकाच्या पुढच्या एका यार्डात थांबला. त्या यार्डात ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधत आणि रंगवत. माझा ट्रक रंगून परत गेला आणि मी तिथंच राहिलो. रंगकाम करणाऱ्या उस्तादांनी मला ठेवून घेतलं. का ठेवून घेतलं हे मी त्यांना अनेकदा विचारलं. ते म्हणत, "बेटा, तू हा सवाल सोडलास तर ठेवल्याचं सार्थक होईल."

उस्ताद मूळचे मालेगावचे. त्यांचा हात असा, की खडूची रेघ न मारता सरळ ब्रशनं पोपट काढायचे आणि पोपटाची चोच नेमकी फळीच्या सांध्यावर येऊन थांबायची. खडू म्हणजे शिकाऊ माणसाची काठी, असं त्यांचं मत. त्यांनी मला शेडमध्ये झोपायला जागा दिली, ताटातली भाकरी दिली, आणि घासपेपर दिला. घासपेपर बरीच वर्षं माझ्या हातात होता. लांबी भरायची, म्हणजे लाकडाच्या भेगांत पुट्टी भरायची, ती वाळली की घासायची, मग गेरूच्या रंगाचा प्रायमर मारायचा. त्यापुढचं सगळं उस्तादांचं. पुढे पुढे किनारी, वेली, नंबर मी करू लागलो. पण अख्खा ट्रक कधी माझ्याकडे आला नव्हता.

तो आला उस्तादांच्या डोळ्यामुळे. मोतीबिंदू पिकला. मालेगावला ऑपरेशन ठरलं. मी त्यांना पोहोचवायला गेलो, ऑपरेशनच्या तारखा पुढं जात राहिल्या, आणि पट्टी बांधेपर्यंत महिनाभर तिथंच राहिलो. निघताना ते खाटेवरून म्हणाले, "यार्डातून निरोप आलाय, तिथं एक गाडी बांधून तयार होत आली आहे. लासलगावच्या कांद्याच्या शेठची. ती तू कर. नीट झाली तर तू पेंटर. बिघडली तर यार्डाचे मालक दुसरा पेंटर आणतील, तो आपला माणूस घेऊन येईल, मग मी तुला ठेवू म्हटलं तरी जागा कुठली?"

"काय काढायचं उस्ताद?"

"शेठ सांगेल. आणि ऐक, गिऱ्हाइकाला ‘मालूम नाही’ म्हणायचं नाही. आमच्या धंद्यात तो शब्द नाही."

परतीच्या एसटीत मी सगळा वेळ तो शब्द गिळत होतो.

शेठ दुसऱ्याच दिवशी आले. जीपमधून उतरले, नव्या बॉडीवर दोन थापा मारल्या. सुतारांनी मारलेल्या गेरूच्या प्रायमरमध्ये उभा असलेला तो ट्रक एखाद्या उघड्या माणसासारखा दिसत होता.

"उस्ताद कुठायत?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं शेठ. मी आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. फार वेळ लागला नाही, मी तेव्हा फारसा नव्हतोच.

"बरं. रंग पहिल्यासारखा करा. अगदी पहिल्यासारखा. नवीन काही डोकं लावू नका. रविवारी गाडी न्यायला ड्रायव्हर येईल."

"शेठ, पहिल्यासारखा म्हणजे—"

"पहिल्यासारखा म्हणजे पहिल्यासारखा!" जीप सुरू झाली होती. माझ्या पुढच्या प्रश्नावर तिनं धूळ उडवली.

आता पहिला ट्रक मी बघितलाच नव्हता. तो चांदवडच्या घाटात कलंडला, ड्रायव्हर उडी मारून वाचला, बॉडीचे तुकडे झाले. ते तुकडे आमच्या यार्डात आले तेव्हा मी मालेगावला उस्तादांच्या उशाशी बसलो होतो, आणि उस्तादांनीही ते बघितले नव्हते. मी म्हटलं, हरकत नाही, जुन्या फळ्या असतीलच कुठेतरी. सुतारमामांकडे गेलो. यार्डाचे मुख्य सुतार, नांदगावकडचे. मला ते ‘नागपूर’ म्हणून हाक मारत. भंडारा वेगळा जिल्हा आहे हे मी त्यांना सांगून थकलो होतो.

"मामा, लासलगावच्या गाडीच्या जुन्या फळ्या कुठं ठेवल्या?"

"कुठल्या फळ्या? जळाल्या त्या."

"आग लागली?"

"लागली नाय, लावली. थंडी केवढी पडली मधी! कॅबिनवर तीन सकाळी शेकलो आम्ही. फाळक्यावर आंघोळीचं पाणी तापलं. लय भारी लाकूड होतं, नागपूर. निखारा दुपारपर्यंत टिकायचा."

फाळका म्हणजे ट्रकच्या मागची खाली पडणारी फळी. ट्रकच्या मागून चालणाऱ्या सगळ्या जगाला दिसतो तो फाळका. पेंटरची अब्रू तिथं असते. त्या अब्रूवर सुतारमामांनी आंघोळ केली होती.

"पण त्याच्यावर काढलं काय होतं?"

"काढलेलं?" मामांनी कानामागची पेन्सिल काढली, विचार केला, परत ठेवली. "ते नाय बघितलं. मी लाकूड बघतो."

"एखादा पोपट? कमळ? काही तरी रंग?"

"तापताना हिरवा धूर निघत होता. म्हंजे हिरवं काहीतरी असंल."

एवढीच माझी माहिती. हिरवा धूर.

मामांना माझ्या चेहऱ्याची दया आली. "अरे, एवढं काय त्यात? ट्रक म्हंजे ट्रक. कपाळावर मोर, दारावर पोपट, मागं हॉर्न ओके प्लीज. सगळे तसेच राहतात. काढून टाक. शेठ म्हणंल, व्वा, पहिल्यासारखा!"

"आणि पहिल्यावर मोर नसला तर?"

"तर म्हणायचं, शेठ, धुळीमुळं तुम्हाला दिसत नव्हता."

मामांचा सल्ला सोपा होता. अवघड होतो तो मी. मी रंगाचे डबे उघडले, परत लावले. टर्पेंटाइनमध्ये ब्रश भिजवून ठेवले, काढले, पुसले, परत भिजवले. मोराची मान काढायला हात उचलला की वाटायचं, ही मान पहिल्या मोराची नाही. पोपट काढू म्हटलं तर वाटायचं, आपण पोपट काढतोय तो आपल्याला येतो म्हणून. त्यांच्या गाडीवर होता म्हणून नव्हे. आणि एकदा इनॅमल बसलं की ते काढायला ब्लो-लॅम्पनं जाळावं लागतं, नव्या लाकडाला डाग पडतो, मग परत लांबी, परत घासपेपर. त्या घासपेपरमागे मला माझं गाव दिसायला लागलं. गावात वाईट काही नव्हतं. पण मी तिथं पत्र पाठवलं होतं, की मी आता पेंटर आहे. पत्र थोडं आधीच गेलं होतं.

शेवटी मी खडू घेतला. उस्तादांनी बघितलं असतं तर पट्टी काढून परत बांधली असती. पण गेरूच्या प्रायमरवर पांढरा खडू छान उठतो आणि ओल्या फडक्यानं पुसता येतो. मी सबंध ट्रक खडूनं काढला. कॅबिनवरच्या रुंद फळीला आम्ही कपाळ म्हणतो, त्यावर मोर. दारांवर पोपट. फाळक्यावर कमळ, दोन बाजूंना वेली. मग यार्डाच्या ऑफिसातून लासलगावला फोन लावायला सांगितलं.

"शेठ, रंगाच्या आधी एकदा बघून जाता का? मी ही गाडी आधी बघितलेली नाही."

"तुम्हीच तर रंगवली होती ना ती?"

"नाही शेठ. आमच्याकडे नव्हती रंगवली. उस्तादांनीही नाही."

"मग मी पहिल्यासारखी म्हणत कुणाला होतो?"

"मलाच. म्हणून तर विचारून राहिलो."

मालकांनी टेबलामागून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या यार्डाची भिंत पाडली होती. ‘मालूम नाही’ हा शब्द मी फोनवर, मोठ्यानं, ऑफिसात उभं राहून म्हटला होता. थोडा वळसा घालून, पण म्हटला होता.

शेठ संध्याकाळी आले. सोबत ड्रायव्हर. ड्रायव्हर वयानं मोठा, घाटातल्या उडीत लंगडायला लागलेला, आणि ती गाडी आपली आहे, शेठची नुसती कागदावर, अशा समजुतीचा. शेठनी खिशातून फोटो काढला. गाडी घेतली तेव्हाच्या पूजेचा. मी देवाचा प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला.

फोटोत शेठचं अख्खं खानदान उभं होतं. आत्या, मावश्या, जावई, कडेवरची पोरं. त्यांच्यामागे झेंडूच्या माळा. माळांच्या मागे, समजा, ट्रक. एक टायर मात्र स्वच्छ दिसत होता, त्याच्याखाली लिंबू होतं. आणि फोटो काळा-पांढरा.

"हे बघा," शेठ म्हणाले, "सगळं आहे यात."

"टायर आहे शेठ," मी म्हटलं.

ड्रायव्हर तोवर ट्रकभोवती फिरून आला होता. "मोर कुठून आणला? मोर नव्हता. कपाळावर गरुड होता. पंख असे."

"गरुड?" शेठ म्हणाले. "सूर्य होता. उगवता. किरणं होती."

"ते पंख हो शेठ!"

"पंखांना मी किरणं म्हणेन का? मी काय आंधळा आहे?"

"गाडीच्या पुढं उभं कोन राहतं, तुम्ही का मी? रस्त्यात टायर मीच बदलतो."

"टायर खाली असतो, कपाळ वर असतं."

मी मध्येच फडकं ओलं करून मोर पुसला. मला वाटलं, पुसला तर भांडण थांबेल. उलट रिकामी जागा मिळाली आणि दोघांनी माझ्याकडे खडू मागितला. शेठनी सूर्य काढला, तो कढईसारखा दिसत होता. ड्रायव्हरनं गरुड काढला, तो कोंबडीवरच थांबला होता. सुतारमामा लांबून बघत होते. म्हणाले, "दोन्ही काढ नागपूर. सूर्याला खाणारी कोंबडी."

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कोरी फळी दाखवून ‘काय होतं’ विचारलं की कुणाला सांगता येत नाही. काहीतरी काढून दाखवलं की ‘हे नव्हतं’ एवढं मात्र प्रत्येकाला ठाम सांगता येतं. दारावरच्या पोपटांना कुणी हरकत घेतली नाही. फाळक्यावरचं कमळ बघून शेठ म्हणाले, "हे गुलाब होतं, पण कमळ बरं दिसतं." वेली दोघांनाही चालल्या. भांडण फक्त कपाळाचं उरलं. तेवढं तरी कळलं. खडूचे आभार मानले.

आणि मग मी अजून एक विचारलं. घाबरतच. "शेठ, रागावू नका. तुम्हाला ही पहिल्यासारखी का पाहिजे? गुलाबाचं कमळ चाललं, मोराऐवजी सूर्यही चालेल. मग पहिल्यासारखी कशाला?"

शेठ जरा गोंधळले. गाडीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला नाही पाहिजे. आईला पाहिजे."

"आईंना?"

"मी निघालो तेव्हा ती म्हणाली, रंग पहिल्यासारखा करून आण. म्हणून मी तुम्हाला सांगितलं."

"आईंना विचारलं का, पहिल्यासारखा म्हणजे कसा?"

"आईला?" शेठनी माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं, लिलावात व्यापाऱ्यांना घाम फोडणारा माणूस मी बघत नसून शाळेत उशिरा आलेला मुलगा बघतोय. "तिला परत कोण विचारणार?"

दुसऱ्या दिवशी ते काम माझ्याकडे आलं. ड्रायव्हरबरोबर मी लासलगावला गेलो. बाजारसमितीच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, कांद्याचा उग्र वास, आणि त्या रस्त्याच्या वळणाजवळ शेठचं घर. पुढे वखार, बाजूला ओटा. ओट्यावर आई बसल्या होत्या. समोर कोथिंबीर निवडायला घेतलेली, डोळे मात्र रस्त्यावर.

"हा कोण?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"पेंटर हाय. तुम्हाला विचारायला आला."

"मला? मी काय रंगारी आहे?"

मी हात जोडले. आदल्या रात्री पाठ केलेलं सगळं विसरलो. "आई, गाडी पहिल्यासारखी करायची आहे. मी पहिली बघितली नाही. कशी होती?"

"मला काय ठाऊक कशी होती!"

ड्रायव्हर छताकडे बघायला लागला.

"मी कधी गेले तिच्याजवळ? ती इकडं तिकडं फिरते, मी इथं. आणि मला लांबचंच दिसतं, जवळचं नाही. तुझं तोंडसुद्धा मला नीट दिसत नाही. बरं आहे का तोंड?"

"ठीक आहे, आई."

"मग पहिल्यासारखी का म्हणालात?" हे ड्रायव्हरनं विचारलं. माझ्या वतीनं. त्याचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

आईंनी कोथिंबीर बाजूला ठेवली आणि वळणाकडे बोट केलं. "त्या वळणावर दिवसभर गाड्या येतात. सगळ्यांच्या डोक्यावर रंगीबेरंगी पाखरं नि फुलं, एकीसारखी दुसरी. आमचीचं डोकं पांढरं असायचं. वळणावर आली की मला इथनं कळायचं, आमची आली. बाकी तुम्ही तिच्यावर घोडा काढा नाही तर हत्ती."

मी ड्रायव्हरकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं होतं.

"पांढरं?" तो म्हणाला. "हां! पब्लिक कॅरिअर लिहायची पट्टी! ती पांढरी होती. ती तर सगळ्यांचीच राहते."

"सगळ्यांची बारीक असते," आई म्हणाल्या. "आमचीची चांगली ताटाएवढी रुंद होती. तेव्हाच्या रंगाऱ्यानं चूक केली होती म्हणे. बाकीच्या नक्षीला जागाच उरली नाही. माझा लेक किती चिडला होता तेव्हा!"

"मग गरुड?"

"गरुड माझ्या दिरांच्या गाडीवर होता. ती तूच विकून आलास."

परतताना एसटीत ड्रायव्हर म्हणाला, "पन सूर्य तर नव्हताच. एवढं तरी खरं निघालं."

मला भलताच आनंद झाला होता आणि तितकीच काळजी. कपाळ सबंध पांढरं ठेवायचं म्हणजे पेंटरनं सर्वांत मोठी जागा सोडून द्यायची. उस्ताद म्हणतील, जमलं नाही म्हणून चुना फासला. मी शेठना यार्डात बोलावलं आणि रंग लावायच्या आधी स्पष्ट सांगितलं, "शेठ, ही पहिल्यासारखी होणार नाही. पहिली कुणालाच पूर्ण आठवत नाही. कपाळ आईंच्या सांगण्याप्रमाणे पांढरं, त्यावर फक्त काळी अक्षरं. फाळक्यावर तुमचं कमळ. कॅबिनच्या आत ड्रायव्हरमामांचा गरुड. उरलेलं माझ्या मनाचं. चालेल?"

शेठनी खडूच्या रेघा पुन्हा एकदा बघितल्या. "आणि आई नाही म्हणाली तर?"

"तर पुसायला मी येतो."

"मग गाडीबरोबर तुम्हीच या. पांढऱ्याचा डबा घेऊन."

रंगकाम चार दिवस चाललं. त्या दिवसांत मी फार कमी बोललो, हे सुतारमामांनी सगळ्या यार्डाला सांगितलं. कपाळावर पांढऱ्याचे दोन हात दिले तर खालचा गेरू गुलाबी होऊन वर यायचा. तिसरा दिला, मग चौथा. पोपटांच्या चोची मी सांध्यावर आणायचा प्रयत्न केला. एक आली. दुसरी सांधा ओलांडून गेली, तो पोपट जरा बोलका दिसतो.

रविवारी मी कॅबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पांढऱ्याचा डबा, खिशात ब्रश. डोक्यावर गरुड. शेठ मागून जीपमध्ये. निम्म्या वाटेपर्यंत ड्रायव्हर गरुडाकडे बघत होता, समोरून कांद्याचा ट्रॅक्टर आला तेव्हा मी म्हटलं, "मामा, रस्ता."

लासलगावचं वळण आलं. ओट्यावर आई दिसल्या. गाडी वळली. त्यांनी मान वर केली, कपाळावर हात धरला, एक क्षण बघितलं, आणि उठून तरातरा घरात निघून गेल्या.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मागून जीपही थांबली. शेठ उतरून आले. "काय झालं? गेली का आत?"

"गेल्या," मी म्हटलं.

"रागावली?"

"चेहरा दिसला नाही."

"बघा. मी म्हटलं होतं. तिला कुणी विचारू नये." शेठ डोक्याला हात लावून उभे. मी डबा उघडला. का उघडला माहीत नाही, कपाळ तर आधीच पांढरं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "आत जाऊन विचारा की कुनीतरी." तिघांनी एकमेकांकडे बघितलं. अर्थात मी गेलो.

स्वयंपाकघरातून परात वाजत होती. आई पीठ मळत होत्या. चूल पेटली होती, तवा चढला होता.

"आई, गाडी..."

"आली ना? दिसली. तू किती खातो? आणि त्या लंगड्याला सांग, हात धुवून ये. वळणावर गाडी आली की मी तवा ठेवते, तो दारात येईपर्यंत पहिली भाकरी होते. आज उशीर झाला, तुम्ही तिथं उभे का राहिला?"

मी बाहेर येऊन शेठना सांगितलं. त्यांनी माझा पांढऱ्याचा डबा हातात घेतला, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "हे यार्डात परत घेऊन जा. परत पांढरं लागलं तर तुम्हालाच बोलावणार." मग ओट्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो. पिठलं, भाकरी, हातानं फोडलेला कांदा. आईंनी मला वाढताना जवळ वाकून तोंड बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. घरापासून इतक्या लांब, माझ्यासाठी कुणी भाकरी मोजून टाकतंय, हे बघून मी उचललेला घास परत ताटात ठेवला. ड्रायव्हरला वाटलं तिखट लागलं. त्यानं पाणी दिलं.

उस्ताद पुढच्या आठवड्यात परत आले. हिरवी पट्टी, काळा चष्मा. गाडी बघायला मिळाली नाही, ती कांदा घेऊन गेली होती. सुतारमामांनी तोवर त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं: खडू, फोन, कोंबडी, लासलगाव.

त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. "फोनवर तू म्हणालास, की तुला मालूम नाही?"

"हो उस्ताद."

"ऑफिसात? मालकासमोर?"

"हो."

"आणि शेठ काय म्हणाले?"

"जेवू घातलं."

उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कोपऱ्यातल्या नव्या बॉडीकडे हात केला. मनमाडची गाडी होती, नुकतीच बांधून झालेली.

"ती तू घे. मी फक्त डोळा शेकत बसणार आहे. आणि विचारत बसू नको फार."

"पण उस्ताद, तो गाडीवाला म्हणतो मागच्यासारखीच करा, आणि मागची—"

"बरं, बरं. विचार." ते खाली वाकून म्हणाले, "पण हळू विचारत जा, बेटा. शेजारच्या यार्डात ऐकू जातं."